पौर्णिमेच्या शनिवारी तारे दाखवणारे

या आठवड्यात एका आकाशदर्शन शिबिराची जाहिरात निदान चार वाचकांनी मला पाठवली. भंडारदऱ्याच्या धरणाकाठी तंबू, डोक्यावर दुधाळ आकाशगंगेचा फोटो, तारीख डिसेंबरातल्या शनिवारची. त्या शनिवारी पौर्णिमा आहे. शिवाय फोटोतला आकाशगंगेचा झगझगीत भाग धनू-वृश्चिकेतला आहे आणि डिसेंबरात सूर्य त्याच भागात असतो. म्हणजे तो भाग सूर्याबरोबर उगवतो आणि सूर्याबरोबर मावळतो, रात्री दिसायचा प्रश्नच येत नाही. लहान मुलांना घेऊन लोक दोनशे किलोमीटर जाणार आणि चांदणं पाहून परतणार. याचा मला मनापासून राग येतो, कारण ती मुलं पुन्हा आकाश बघायला येत नाहीत.

चंद्राची तिथी बघा, हे या स्तंभात मी इतक्यांदा लिहिलंय की काही वाचक कंटाळले आहेत. तरीही आज पुन्हा तेच, कारण ‘पौर्णिमा नको तर अष्टमी चालेल का’ असं एकीने विचारलं आणि त्या प्रश्नातच सगळी गोम आहे. कुठली अष्टमी?

शुद्ध अष्टमी आणि वद्य अष्टमी या दोन्ही रात्री चंद्र अर्धाच असतो. त्याचा प्रकाशही पौर्णिमेच्या निम्मा नसतो, सुमारे दहावा हिस्साच असतो. पण शुद्ध अष्टमीला सूर्य मावळतो तेव्हा चंद्र डोक्यावर असतो आणि मध्यरात्रीच्या सुमारास मावळतो. वद्य अष्टमीला तो मध्यरात्रीच्या सुमारास उगवतो. एका रात्रीची संध्याकाळ उजेडात जाते, दुसरीची पहाट. ज्याला हे कळलं त्याला सहलीची तारीख आपली आपण काढता येते.

त्यासाठी वेगळं काही शिकायला नको. संकष्टीचा उपास सोडणाऱ्या घरात चंद्रोदयाची वेळ सगळ्यांना पाठ असते. ती साधारण नऊच्या आगेमागे, कधी साडेआठ तर कधी पावणेदहा. तिथून पुढे चंद्र रोज सरासरी पन्नास मिनिटं उशिरा उगवतो. संकष्टीनंतर चार दिवसांनी अष्टमी, म्हणजे चंद्रोदय बारा-साडेबाराला. दशमीला दीड-दोनला. नेमकी वेळ भिंतीवरच्या कॅलेंडरात छापलेली असतेच.

आता काय बघायचंय ते ठरवा. डिसेंबरात मुलांना घेऊन जायचं तर संध्याकाळ काळोखी हवी, म्हणून वद्य अष्टमी ते अमावास्या. मार्चमध्ये आकाशगंगेचा तो फोटोतला भाग बघायचा तर तो पहाटे तीननंतर आग्नेयेला वर येतो. तेव्हा शुद्ध अष्टमीही उत्तम, कारण चंद्र मध्यरात्रीच गेलेला असतो, आणि तोवर झोप काढता येते. तीच शुद्ध अष्टमी डिसेंबरच्या संध्याकाळी निरुपयोगी ठरते. इंग्रजी तारखेला यातलं काहीच कळत नाही. मिथुनेचा उल्कावर्षाव दरवर्षी १३-१४ डिसेंबरच्या रात्री भरात असतो. २०२४ साली १५ डिसेंबरला पौर्णिमा होती आणि बहुतेक उल्का चांदण्यात बुडाल्या. २०२५ साली त्याच रात्री चंद्र दीड वाजून गेल्यावर उगवला.

डिसेंबरातला वद्य दशमीचा शनिवार धरून भंडारदऱ्याची रात्र मांडू. सूर्य सहाच्या सुमारास मावळतो, पण खरा काळोख सव्वासात-साडेसातला होतो. तिथपासून चंद्रोदयापर्यंत सहा तास मिळतात. आठला देवयानीची दीर्घिका जवळजवळ डोक्यावर असते. नऊपर्यंत मृग पूर्वेला बराच वर आलेला असतो, दहाला व्याध चमकतो आणि बारानंतर दक्षिणेला अगस्त्य. बसायची जागा निवडताना उत्तरेकडे इगतपुरी-नाशिकच्या दिव्यांची झळाळी असते हे लक्षात ठेवून तोंड दक्षिणेला करा.

ढगांबाबत मात्र तीन-चार दिवस आधीच्या अंदाजावर मी काही ठरवत नाही. शनिवारी सकाळी हवामान खात्याच्या संकेतस्थळावरची इन्सॅटची चित्रं बघायची, एक नव्हे, गेल्या काही तासांची, म्हणजे ढग कुठे सरकतायत ते कळतं. बंगालच्या उपसागरात वादळ असेल तर त्याचे उंचावरचे विरळ ढग महाराष्ट्रावर पसरतात. दिवसा ते नजरेत भरत नाहीत, ॲपवर आकाश ‘निरभ्र’ दिसतं, आणि रात्री तारे मात्र पुसट. हे ओळखायची खूण आकाशातच असते. विमानामागची पांढरी रेघ लगेच विरली तर वरची हवा कोरडी, पण ती रेंगाळून फुगत गेली तर वर दमटपणा आहे. अवरक्त चित्रात दरीतलं धुकं बहुधा दिसत नाही, कारण त्याचा वरचा थर जमिनीइतकाच गार असतो. आकाश स्वच्छ दाखवणाऱ्या त्याच चित्राखाली पहाटे घाटात दहा पावलांवरचं दिसत नसतं.

थंडीचं गणितही स्वच्छ आकाशाशीच जोडलेलं आहे. ढग नसले की जमिनीची ऊब थेट वर निघून जाते आणि गार झालेली जड हवा उतारावरून खाली दरीत, पाण्याकाठी साचते. जाहिरातीतले तंबू नेमके तिथेच आहेत. पाण्यापासून थोडं वर, उतारावर बसलं तर थंडीही कमी आणि दुर्बिणीच्या काचेवर दवही उशिरा धरतं. आकाश बघणारा माणूस तासन्‌तास हालचाल न करता पडून असतो, त्याला अंगावरच्या दुसऱ्या ब्लँकेटपेक्षा पाठीखालची जाड गादी अधिक उपयोगी पडते. सतरंजी पुरत नाही, खालची जमीन ऊब ओढतच राहते. कानटोपी आणि दोन मोजे कुडकुडायला लागायच्या आधीच घाला.

ज्याने मला सर्वांत अस्वस्थ केलं ते जाहिरातीच्या तळाशी होतं: ‘रात्री दोनला परतीचा प्रवास’. बस पुण्याची आहे. राजूर, अकोले, संगमनेर हा रस्ता साखर कारखान्यांच्या पट्ट्यातून जातो आणि डिसेंबर म्हणजे गाळपाचा हंगाम. उसाने भरलेल्या जोड-ट्रॉल्या ट्रॅक्टरमागे रात्रभर चालतात. कित्येकांना मागे दिवा नाही, परावर्तक पट्टी नाही, आणि टायर फुटला तर ट्रॉली रस्त्यावरच उभी. दोन ते पाच या वेळेत जागत्या माणसाचीही नजर जड होते, आणि ड्रायव्हर आदल्या दुपारपासून जागा असतो. त्यात दरीतलं धुकं. उजेडी पोहोचायचं आणि उजाडल्यावरच निघायचं, याला मी कुठलाही अपवाद मानत नाही. उजेडी पोहोचलं की बसायच्या जागेवरची विहीर, कडा, विंचवाचे दगड बघून घेता येतात, आणि रात्री मुक्काम करायचा असल्याने वनखात्याच्या हद्दीत चालेल का हेही नाक्यावर विचारता येतं.

ज्यांनी जाहिरात पाठवली त्यांनी पैसे भरण्याआधी आयोजकाला फोन करावा. त्या रात्री चंद्रोदय किती वाजता आहे ते विचारावं, आणि मग ड्रायव्हर रात्री झोपणार कुठे ते. दुसऱ्या प्रश्नाला खोलीचं नाव मिळालं नाही, तर तारीख अमावास्येची असली तरी जाऊ नये.