चहाचा कप कीं कपभर चहा?

फ्रान्समध्यें लियों शहरीं असलेली आमची पुतणी कुंभाराच्या चाकावर कप व वाडगे घडवून आपल्या लहानशा ऑनलाइन दुकानांत विकते. प्रत्येक वस्तूखालीं तिचें वर्णन फ्रेंच भाषेंत द्यावें लागतें. फ्रान्समध्यें विकावयाच्या मालाचें वर्णन फ्रेंचमध्यें असलेंच पाहिजे, असा तेथें १९९४ सालचा कायदा आहे. पेन्शनींत निघाल्यावर आम्हीं तीन वर्षें फ्रेंचचा अभ्यास केला, हें ठाऊक असल्यामुळें तिनें एका कपाचें वर्णन आमच्याकडे पाठविलें. “काका, गिऱ्हाईक विचारतें, सोबत चहा येतो काय? माझें काय चुकलें?”

चूक एका अक्षराएवढ्या शब्दांत होती. तिनें ‘तास द ते’ असें लिहिलें होतें. ‘तास’ म्हणजे कप आणि ‘ते’ म्हणजे चहा. परंतु मध्यें ‘द’ आला कीं अर्थ होतो चहानें भरलेला कप. चहासाठीं असलेला रिकामा कप म्हणावयाचा तर ‘तास आ ते’ असें लिहिलें पाहिजे. संस्कृत पढलेल्या वाचकांना यूपदारु हा समास आठवेल. यूपासाठीं दारु, म्हणून चतुर्थी. फ्रेंचमध्यें नामांना विभक्तिप्रत्यय उरले नाहींत, तेव्हां चतुर्थीचें हें काम तेथें ‘आ’ करतो. कप कशाचा घडविला हें सांगावयास ‘आँ’ लावतात. ‘आँ ग्रे’ म्हणजे ग्रे नांवाच्या मातीचा. आपल्या मृण्मय शब्दांतला मयट् प्रत्ययच म्हणा ना. ही माती सुमारें १२०० ते १३०० अंशांवर भाजली म्हणजे तिची छिद्रें जवळजवळ मिटतात. तिला पोर्सलेन म्हणणें चूक होय, आणि तशी मोहक चूक तिनें केलीहि होती. पोर्सलेन पांढरी असते व पातळ असल्यास तिच्यांतून उजेड झिरपतो; हिच्यांतून झिरपत नाहीं.

मग रंग. ‘तास’ स्त्रीलिंगी असल्यामुळें हिरवा कप ‘तास व्हेर्त’ होतो, आणि वाडगा पुल्लिंगी असल्यामुळें ‘बोल व्हेर’. येथवर संस्कृताच्या विद्यार्थ्यास अडचण नाहीं. पण रंग फिका हिरवा असला कीं दोन विशेषणें मिळून एक होतात आणि लिंग सोडून देतात: ‘तास व्हेर क्लेर’. पुतणीनें ‘व्हेर्त क्लेर’ लिहिलें होतें. कानालाहि तें खटकतें.

खरा प्रश्न मात्र पुढेंच होता. वर्णनाच्या शिरोभागीं ‘फे मॅं’, म्हणजे हस्तकृत, असें होतें. कपाला जोडतांना तें ‘फेत मॅं’ व्हावयास पाहिजे, कारण कृदन्त लिंगाप्रमाणें बदलतें. ‘मॅं’ म्हणजे हात, तो मात्र बदलत नाहीं. एवढें सांगून आम्ही थांबणार होतों. तोंच तिनें सहज लिहिलें कीं, यांतले दहा कप तिनें घडविलेले नाहींत. ते सांच्यांतले असून तयार विकत आणले आहेत. तिनें त्यांवर नुसती नक्षी काढली आहे.

मग येथें व्याकरण पुरत नाहीं. आम्हीं कळविलें: “जे तूं चाकावर घडविलेस, त्यांना ‘तुर्ने आ ला मॅं’, चाकावर हातानें घडविलेले, असें लिही. या दहांना ‘देकोरे आ ला मॅं’, हातानें नक्षी काढलेले, एवढेंच लिही.” गिऱ्हाइकाची दिशाभूल करणारें वर्णन तेथील ग्राहककायद्यानें दंडनीय आहे, हेंहि लिहिलें. तिचें उत्तर चार दिवस आलें नाहीं. रागावली असावी.

पांचव्या दिवशीं नवें वर्णन आलें. चाकावरच्या कपाचें असें: ‘तास आ ते’, ‘आँ ग्रे’, फिका हिरवा, ‘तुर्ने आ ला मॅं’, उंची ७,५ सेंटिमीटर, मावतें २० सेंटिलिटर. (दशांशाच्या जागीं स्वल्पविराम व मिलिलिटरऐवजीं सेंटिलिटर ही तिकडची चाल.) शेवटीं, प्रत्येक नगाच्या रंगांत व आकारांत थोडा फरक पडतो, हें तिनें आपण होऊन घातलें होतें. घरबसल्या घेतलेली वस्तु १४ दिवसांत कारण न देतां परत करण्याचा हक्क गिऱ्हाइकाला असतो, व या ओळीनें तो जात नाहीं. पण चित्रांतल्यापेक्षां गडद कप हातीं आल्यावर होणारी निराशा तिनें टळते.

नक्षीच्या दहा कपांची किंमत तिनें उतरविली. त्यांपैकीं सहा अद्याप पडून आहेत, असें परवांच्या पत्रांत आहे, चाकावरचे संपले.