पाच ग्रॅमच्या चमच्यात तीन ग्रॅम क्रिएटिन

नाशिकच्या एका वाचकांनी मुलाच्या जिमच्या डब्याचे दोन फोटो पाठवलेत, एक पुढून आणि एक मागून. पुढे ठळक अक्षरांत ‘शंभर टक्के शुद्ध क्रिएटिन मोनोहायड्रेट’. मागे बारीक अक्षरांत सात घटक. ‘यात भेसळ आहे का?’ एवढाच त्यांचा प्रश्न. या स्तंभात आपण बिस्किटांची आणि मसाल्यांची वेष्टनं जशी वाचतो तसाच हा डबाही वाचू. याची एक गंमत म्हणजे क्रिएटिनच्या साध्या डब्यात खरं तर एकच पदार्थ असायला हवा, त्यामुळे दुसरा कुठला आला तर तो लपायला फार जागा नसते.

घटकांची यादी नेहमी वजनाच्या उतरत्या क्रमानं लिहावी लागते. या डब्यावर क्रम असा आहे: क्रिएटिन मोनोहायड्रेट, माल्टोडेक्स्ट्रिन, आयएनएस 330, आयएनएस 551, आयएनएस 955, आयएनएस 110 आणि फ्लेवर. 330 म्हणजे सायट्रिक आम्ल, 955 म्हणजे सुक्रालोज, 110 हा नारिंगी कृत्रिम रंग. 551 म्हणजे सिलिकॉन डायऑक्साइड. पावडरीच्या गुठळ्या होऊ नयेत म्हणून तो चिमूटभर घालतात, आणि पावसाळ्यातली आपली दमट हवा पाहता त्यावर मी तरी रागावणार नाही. नजर थांबते ती दुसऱ्या नावावर. माल्टोडेक्स्ट्रिन हे स्टार्चपासून बनवलेलं स्वस्त कर्बोदक. संत्र्याची चव आणि रंग पावडरीत सारखा पसरावा म्हणून ते वापरतात, आणि डबा भरलेला दिसावा म्हणूनही.

किती घातलंय, हे यादी सांगत नाही. पण खालचा पोषणमूल्यांचा तक्ता सांगतो. एक चमचा 5 ग्रॅमचा, त्यात क्रिएटिन मोनोहायड्रेट 3 ग्रॅम आणि कर्बोदकं दीड ग्रॅम. क्रिएटिन हे कर्बोदक नाही, त्यामुळे साध्या, बिनचवीच्या डब्यावर हा रकाना शून्य असायला हवा. इथला दीड ग्रॅम जवळजवळ सगळा माल्टोडेक्स्ट्रिनचा आहे, उरलेला अर्धा ग्रॅम आम्ल, रंग वगैरेंचा. म्हणजे चमच्यातला चाळीस टक्के माल क्रिएटिन नाही.

पुढचा हिशेब दुकानात उभ्या उभ्या करता येतो. समजा हा 300 ग्रॅमचा डबा 720 रुपयांना आहे. त्यात साठ चमचे, म्हणजे 180 ग्रॅम क्रिएटिन, म्हणजे ग्रॅमला 4 रुपये. शेजारचा बिनचवीचा 250 ग्रॅमचा डबा 625 रुपयांना असेल, तर त्याचा ग्रॅम अडीच रुपयाला पडतो. मोठा डबा स्वस्त दिसला तरी महाग निघाला. आणि वाचकांच्या प्रश्नाचं उत्तर: ही भेसळ नव्हे. जे घातलंय ते मागे लिहिलंय. खोटेपणा आहे तो पुढच्या ‘शंभर टक्के’ या शब्दांत.

आणखी एका आकड्यानं लोक गोंधळतात. काही डब्यांवर ‘मोनोहायड्रेट 3 ग्रॅम’च्या खाली ‘क्रिएटिन 2.64 ग्रॅम’ असं लिहिलेलं असतं. ही लबाडी नाही, उलट काटेकोरपणा आहे. मोनोहायड्रेटच्या प्रत्येक रेणूला पाण्याचा एक रेणू चिकटलेला असतो, आणि त्या पाण्याचं वजन बारा टक्के भरतं. संशय घ्यायचा तो ‘क्रिएटिन ब्लेंड 4 ग्रॅम’ असं लिहून पुढे तीन-चार प्रकारांची नुसती नावं देणाऱ्या डब्याचा. त्यात कोणतं किती, हे त्यानं सांगितलेलंच नाही. ‘मायक्रोनाइज्ड, 200 मेश’ हा शिक्का तर शुद्धतेचा नाहीच. तो चाळणीचा आकडा आहे. दाणा बारीक, पाण्यात लवकर मिसळतो, इतकंच.

आता जे लेबलवर लिहिलेलंच नसतं त्याकडे येऊ. क्रिएटिन कारखान्यात सार्कोसिन आणि सायनामाइड यांच्यापासून बनवतात. प्रक्रिया नीट सांभाळली नाही तर मागे डायसायनडायमाइड, डायहायड्रोट्रायझिन आणि क्रिएटिनिन उरतं. ही नावं घटकांच्या यादीत कधीच येणार नाहीत, कारण ती कोणी घातलेली नसतात, राहून गेलेली असतात. इटलीतल्या बाजारातले 33 नमुने तपासून 2011 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात जवळपास निम्म्यांत यापैकी निदान एक अशुद्धी युरोपच्या शिफारशीपेक्षा जास्त सापडली होती. जर्मनीतल्या ट्रोस्टबर्गच्या कारखान्यातल्या ‘क्रिएप्युअर’ मालाचं नाव झालं ते या अशुद्धींवर ठेवलेल्या कडक मर्यादांमुळे. पण तो शिक्का कच्च्या मालाचा असतो. तो माल कुठल्या गाळ्यात, कशासोबत डब्यात भरला, हे शिक्का सांगत नाही.

म्हणून बाहेरच्या प्रयोगशाळेचा अहवाल मागायचा. बऱ्याच डब्यांवर क्यूआर कोड असतो, तो उघडल्यावर आधी टक्केवारी पाहू नका. बॅच क्रमांक पाहा. डब्याच्या तळावर छापलेला क्रमांक आणि अहवालावरचा क्रमांक एकच हवा. तो जुळला नाही तर तो अहवाल दुसऱ्याच डब्याचा आहे, कितीही सुंदर असला तरी. मग प्रयोगशाळेचं नाव: ती कंपनीचीच आहे की बाहेरची, एनएबीएल मान्यता आहे का. मग शिसं, आर्सेनिक, कॅडमियम, पारा यांचे आकडे. ‘आढळलं नाही’ असं लिहिलं असेल तर किती सूक्ष्म प्रमाणापर्यंत शोधलं तेही दिलेलं हवं. ‘वाळवल्यावर घट’ या ओळीत बारा टक्क्यांच्या आसपासचा आकडा दिसला तर दचकू नका. ते मघाचं चिकटलेलं पाणीच आहे. उलट मोनोहायड्रेट म्हणवणाऱ्या पावडरीची घट दोन-तीन टक्केच असेल तर मी दुकानदाराला प्रश्न विचारीन.

एफएसएसएआयचा चौदा आकडी क्रमांक डब्यावर हवाच, आणि तो संकेतस्थळावर ताडूनही पाहता येतो. पण तो व्यवसायाचा परवाना आहे, या डब्याच्या तपासणीचं प्रमाणपत्र नव्हे.

घरगुती परीक्षांचे व्हिडिओ बरेच फिरतात. थंड पाण्यात पावडर तळाशी बसली म्हणजे बनावट, ही त्यातली सगळ्यात लोकप्रिय. लिटरभर पाण्यात सामान्य तापमानाला क्रिएटिन जेमतेम 14 ग्रॅम विरघळतं, म्हणजे 3 ग्रॅमला एक मोठा पेला लागतो. अर्ध्या पेल्यात अस्सल मालही तळाशी बसणारच. गरम पाण्यात मात्र तो पूर्ण विरघळून पाणी नितळ व्हायला हवं. तरीही गाळ उरला तर काहीतरी वेगळं आहे. आयोडीनचा थेंब टाकून निळा रंग आला तर स्टार्च आहे, हेही खरं. पण माल्टोडेक्स्ट्रिन गरम पाण्यात विरघळतं आणि बऱ्याचदा निळा रंगही देत नाही, त्यामुळे ते दोन्ही परीक्षांतून सहज निसटतं.

वाचकांचा मुलगा हौसेनं व्यायाम करत असेल तर बिनचवीचा, एकच घटक असलेला, बॅचचा अहवाल जुळणारा डबा त्याला पुरे. तो स्पर्धेत उतरणार असेल तर गोष्ट वेगळी. नमुन्यात उत्तेजक सापडलं तर ‘डब्यातून आलं’ हे सांगून खेळाडू जबाबदारीतून सुटत नाही. त्याच्यासाठी ‘इन्फॉर्म्ड स्पोर्ट’चं चिन्ह पाहावं, कारण त्यात विक्रीला येण्याआधी प्रत्येक बॅच प्रतिबंधित द्रव्यांसाठी तपासली जाते. त्याच संस्थेच्या ‘इन्फॉर्म्ड चॉइस’मध्ये बाजारातून दरमहा नमुने उचलतात, प्रत्येक बॅच नव्हे. दोन्ही चिन्हं दिसायला सारखीच आहेत, आणि दोन्ही ठिकाणी बॅच क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर स्वतः शोधावा लागतो.