रंग जुळला, कापडाचे काय?

मॅचिंग सेंटरमधले दृश्य आपल्या सर्वांच्या परिचयाचे आहे. साडीचे टोक फळीवर पसरले जाते, दुकानदार ताग्यामागून तागा काढून त्या टोकाला लावतो आणि जरा उजेडात नेऊन दाखवतो. छटा तंतोतंत जुळली की कापड फाडले जाते. ते कापड कशाचे आहे, त्याची वीण कशी आहे, हे बहुधा कोणी विचारत नाही. परकराचे तर त्याहूनही सोपे. तो साडीखाली झाकलाच जाणार, म्हणून रंग थोडा इकडेतिकडे झाला तरी चालतो.

माझे म्हणणे असे आहे की, हा क्रम उलटा आहे. ब्लाउज आणि परकर हे दोनच कपडे साडी नेसणाऱ्या स्त्रीच्या अंगाला दिवसभर थेट चिकटून असतात. रंग पाहणाऱ्यासाठी असतो, कापड नेसणारीसाठी. शिवाय या दोन कपड्यांची कामे वेगळी आहेत, त्यामुळे दोहोंना एकच कापड चांगले असेल असे नाही. ‘सुती ते चांगले, कृत्रिम ते वाईट’ हा नियमही अर्धाच खरा आहे. हे कसे, ते पाहू.

प्रथम ब्लाउज घेऊ. घाम आल्याने शरीर थंड होत नाही. घाम वाळल्याने होते. एक ग्रॅम घामाचे बाष्प होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता खर्च होते आणि तिचा मोठा भाग त्वचेतून घेतला जातो. जो घाम ओघळून कमरेपर्यंत येतो, तो या दृष्टीने वाया गेला. म्हणून ब्लाउजच्या कापडाने दोन गोष्टी करायला हव्यात: ओलावा त्वचेपासून उचलणे आणि त्याला बाहेर जाऊ देणे.

पहिली गोष्ट तंतूवर अवलंबून असते. सापेक्ष आर्द्रता ६५ टक्के असलेल्या हवेत १०० ग्रॅम कोरड्या सुतात सुमारे ८ ग्रॅम पाणी मुरलेले असते. तेवढ्याच पॉलिएस्टरमध्ये अर्धा ग्रॅमही नसते. आता समजा, एका ब्लाउजचे वजन ६० ग्रॅम आहे. तो सुती असेल तर त्यात सुमारे ५ ग्रॅम पाणी असते, तरी तो हाताला कोरडाच लागतो. अंगाजवळची हवा दमट होऊ लागली की, तो जवळजवळ तेवढेच आणखी पाणी ओला न वाटता शोषू शकतो. पॉलिएस्टरच्या ब्लाउजजवळ ही सोय नाही. त्यातले पाणी पाव ग्रॅमच्या आसपासच राहते, आणि जास्तीचा ओलावा त्वचेवर साचून चिकचिक होते. टेरिकॉटमध्ये बहुधा ६७ भाग पॉलिएस्टर व ३३ भाग सूत असते. त्याचा हिशेब मांडला, तर १०० ग्रॅमला ३ ग्रॅमपेक्षा थोडे कमी पाणी येते. म्हणजे ते मधोमध नसून पॉलिएस्टरच्या बाजूला झुकलेले आहे.

पण येथेच थांबणे योग्य नाही. उन्हात काम करणाऱ्या माणसाला तासाला अर्धा लिटर किंवा त्याहूनही अधिक घाम येऊ शकतो. त्यापुढे ५ ग्रॅमची सोय ती किती! सुती कापडही मग भिजतेच, आणि भिजल्यावर वाळायला पॉलिएस्टरपेक्षा अधिक वेळ घेते. म्हणून दुसरी गोष्ट, ओलावा बाहेर जाण्याची वाट, महत्त्वाची ठरते. ती ठरते विणीवर.

रत्नागिरी आणि नागपूर यांची तुलना करू. त्वचेचे तापमान ३५ अंश सेल्सिअस धरले, तर त्वचेलगत पाण्याच्या संपृक्त बाष्पाचा दाब पाऱ्याच्या सुमारे ४२ मिलिमीटर असतो. मे महिन्यात किनाऱ्यावर ३४ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता असेल, तर हवेतील बाष्पाचा दाब सुमारे २८ मिलिमीटर होतो. दोहोंतील फरक १४. नागपुरात ४४ अंश तापमान आणि १५ टक्के आर्द्रता असेल, तर हवेतील बाष्पाचा दाब १० मिलिमीटरच भरतो आणि फरक ३२ होतो. हा फरकच बाष्पाला त्वचेपासून बाहेर ढकलतो. नागपुरात हा रेटा दुपटीहून अधिक असल्याने घट्ट विणीचे पॉपलीनही निभावून जाते. किनाऱ्यावर मात्र रेटाच कमी. त्यात कापडाने वाट अडवली, तर घाम वाळायचा कसा?

म्हणून कोकणातल्या उकाड्यात ब्लाउजसाठी मी ‘टू बाय टू रुबिया’ला पहिला क्रमांक देईन. टू बाय टू म्हणजे उभा आणि आडवा, दोन्ही धागे दुहेरी, दोन पदर एकत्र पिळून केलेले. असा धागा बारीक असूनही बळकट असतो. त्याला पीळ चांगला बसल्याने त्यावर कूस कमी उठते, आणि दोन धाग्यांमधली फट मोकळी राहते. कापड प्रकाशाकडे धरले की ही फट दिसते. पॉपलीनमध्ये उभे धागे आडव्या धाग्यांपेक्षा पुष्कळ दाट बसवलेले असतात, त्यामुळे फटी बुजतात. दोन्ही कापडे शंभर टक्के सुतीच. पण उकाड्यात वागणूक निराळी.

आजकाल ब्लाउजला अस्तर लावण्याची पद्धत झाली आहे. वरचे कापड रुबिया आणि आत पॉलिएस्टरच्या सॅटिनचे अस्तर असेल, तर अंगाला सॅटिनच लागते आणि रुबियाचा उपयोग संपतो. अस्तर हवेच असेल, तर ते मलमल किंवा पातळ केंब्रिकचे असावे.

टिकाऊपणाच्या बाबतीत पॉलिएस्टरचे पारडे जड आहे, हे मान्य केले पाहिजे. ते झिजत नाही, चुरगळत नाही, लवकर विटत नाही. पण ब्लाउज फाटतो तो बहुधा काखेत, जेथे ताण आणि घाम दोन्ही असतात. तेथे प्रश्न असतो ओल्या कापडाच्या बळाचा. सूत ओले झाले की त्याचे बळ कमी न होता थोडे वाढते. व्हिस्कोस रेयॉनचे मात्र ओलेपणी जवळजवळ निम्म्यावर येते. म्हणून दुकानात तलम व गार लागणारा रेयॉनचा तुकडा घट्ट ब्लाउजसाठी घेऊ नये. वासाचाही मुद्दा आहे. २०१४ मध्ये बेल्जियममधील गेंट विद्यापीठातील संशोधकांनी व्यायामानंतरचे टी-शर्ट तपासले, तेव्हा सुतीपेक्षा पॉलिएस्टरच्या शर्टांना अधिक दुर्गंध आढळला. खेळाडूंचे पॉलिएस्टर घाम पसरवण्यासाठी मुद्दाम वेगळ्या घडणीचे केलेले असते. त्याचे गुण अस्तराच्या सॅटिनमध्ये शोधू नयेत.

आता परकराकडे वळू. त्याचे काम साडीला आधार देण्याचे. तो फार लुळा असेल तर चालताना पायांत गुंततो, आणि फार ताठ असेल तर साडीखाली फुगतो. म्हणून येथे पॉपलीन उजवे. ज्या दाट विणीमुळे ते ब्लाउजमध्ये मागे पडले, तीच येथे उपयोगी पडते.

ताठपणा मोजता येतो. १९३० मध्ये पीअर्स या शास्त्रज्ञाने त्याची रीत मांडली, आणि ती शाळेतही करता येते. कापडाची २.५ सें.मी. रुंद व सुमारे २० सें.मी. लांब पट्टी कापा. पुठ्ठ्याचा त्रिकोण करून टेबलाच्या कडेपासून ४१.५ अंशांचा उतार तयार करा. पट्टीवर मोजपट्टी ठेवून दोन्ही हळूहळू पुढे सरकवा. पट्टीचे टोक वाकून उताराला टेकले की थांबा आणि कडेबाहेर आलेली लांबी मोजा. तिची निम्मी ती ‘वाक-लांबी’. समजा, एका कापडाची वाक-लांबी २ सें.मी. व दुसऱ्याची ३ सें.मी. आली. क्षेत्रफळामागे वजन सारखे असेल, तर ताठपणा या लांबीच्या घनाप्रमाणे बदलतो, म्हणजे ८ आणि २७. दिसायला दीडपट, प्रत्यक्षात तिपटीहून अधिक!

मात्र हे मोजमाप कापड धुतल्यावरच करावे. मी एकदा असाच कडक परकर हौसेने घेतला. दोन धुण्यांत त्याचे फडके झाले. दुकानात मी जो ताठपणा चाचपला, तो कापडाचा नव्हता, खळीचा होता. खळ ओळखणे सोपे आहे. कापड दोन्ही हातांनी चोळले की पांढरी भुकटी पडते. टिंक्चर आयोडिनचा पातळ थेंब टाकला की डाग निळाकाळा होतो, कारण खळ बहुधा पिष्टमय असते.

परकराचा दुसरा गुण म्हणजे पकड. सॅटिन गुळगुळीत असते, कारण त्याच्या विणीत धागा बराच लांबपर्यंत वरून मोकळा जातो. असा परकर साडीच्या वजनाने घसरतो, साडीही त्यावरून घसरते, आणि मग नाडी आणखी आवळली जाते. हा केवळ गैरसोयीचा प्रश्न नाही. २०२४ मध्ये वर्धा व बिहारमधील मधुबनी येथील डॉक्टरांनी दोन वयस्क स्त्रियांची नोंद प्रसिद्ध केली. कमरेवर वर्षानुवर्षे घट्ट बांधलेल्या परकराच्या वा लुगड्याच्या बंधाखाली घर्षणाने जखम होऊन तेथे त्वचेचा कर्करोग झाला होता. असे रुग्ण विरळा असतात. पण काळवंडलेली, सोललेली कंबर आपल्या घरातही दिसेल. खरबरीत सुती परकर सैल बांधूनही टिकतो. दोरीसारख्या नाडीऐवजी रुंद पट्टी लावली, तर दाब अधिक जागेवर वाटला जातो.

तेव्हा माझे मत थोडक्यात असे: ब्लाउजसाठी मोकळ्या विणीचे सूत, परकरासाठी दाट विणीचे सूत, आणि टेरिकॉट घ्यायचेच तर कोरड्या हवेत किंवा थंडीत, जाणूनबुजून. पण जाणून घ्यायचे तर दुकानाने सांगायला हवे. ताग्यावर तंतूंचे प्रमाण छापलेले असते. त्यातून फाडलेल्या ऐंशी सेंटिमीटरच्या तुकड्याबरोबर मात्र ही माहिती जात नाही. पावतीवर ‘सूत इतके, पॉलिएस्टर इतके’ एवढी एक ओळ लिहिण्यास दुकानदाराला काय पडते?

तोवर परीक्षा आपणच करावी. ओटीत आलेल्या ब्लाउजपीसचे चार धागे काढा. शिक्षकांच्या देखरेखीखाली, खाली पाण्याची ताटली ठेवून, ते चिमट्याने ज्योतीत धरा. जळक्या कागदाचा वास आणि मऊ राख म्हणजे सूत किंवा रेयॉन. वितळून कडक गोळी झाली तर पॉलिएस्टर. दोन्ही खुणा एकत्र दिसल्या तर मिश्रण. मग सूत आणि रेयॉन वेगळे कसे ओळखाल? एक धागा कोरडा तोडून पाहा आणि एक ओला करून. कोणता लवकर तुटायला हवा, ते वर सांगितलेच आहे.