सोसायटीतला शेअर परत मागितला तर किती मिळतो? राखीव निधीवर सभासदाचा हक्क असतो का?

नागपूर-अमरावती रस्त्यावरचं गुरुकुंज मोझरी असो की वऱ्हाडातलं दुसरं कोणतंही गाव, पीककर्ज घेणारा शेतकरी बहुधा गावच्या सेवा सहकारी सोसायटीचा सभासद असतो. कर्ज वाटताना त्यातून काही टक्के रक्कम शेअर म्हणून कापली जाते. वर्षानुवर्षांच्या कपातीनंतर त्याच्या नावावर चार-पाच हजार रुपये जमतात. पुढे शेती विकली किंवा मुलं शहरात गेली, की प्रश्न येतो: हे पैसे परत मिळतात का?

मिळतात, पण बँकेतल्या ठेवीसारखे नाही. ठेव हे संस्थेवरचं कर्ज असतं, तर शेअर ही मालकी असते. त्यामुळे तो परत करण्याला महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, 1960 ने अटी घातल्या आहेत.

आधी आत येण्याचं पाहू. पात्र माणसाला पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही. अर्ज मिळाल्यापासून 3 महिन्यांत संस्थेने काहीच कळवलं नाही, तर अर्जदार सभासद झाला असं कायदा मानतो. म्हणून अर्जाची पोच घेणं महत्त्वाचं. पोचच नसेल तर 3 महिने कधीपासून मोजायचे? गावातल्या निवडणुकीच्या राजकारणात अर्ज नुसता पडून राहतो, तेव्हा हीच पोच कामी येते.

बाहेर पडताना काय होतं?

राजीनामा मंजूर झाल्यावर संस्था शेअर परत घेऊ शकते. मात्र एका आर्थिक वर्षात अशी परतफेड, आदल्या वर्षअखेरीच्या वसूल भाग भांडवलाच्या 10 टक्क्यांपेक्षा जास्त करता येत नाही. समजा एका सोसायटीचं भांडवल 20 लाख रुपये आहे. मग त्या वर्षात सगळ्यांना मिळून 2 लाखच देता येतील. बाकीच्यांना पुढच्या वर्षाची वाट पाहावी लागते. शिवाय सभासदाकडे कर्ज थकीत असेल, तर त्याच्या शेअरवर पहिला हक्क संस्थेचा.

मग रक्कम किती? सध्याच्या बहुतेक सेवा सोसायट्या मर्यादित जबाबदारीच्या आहेत. त्यांच्यासाठी नियम असा, की शेवटच्या लेखापरीक्षित ताळेबंदावरून शेअरची किंमत काढायची, पण सभासदाने भरलेल्या रकमेपेक्षा ती जास्त धरायची नाही.

वरच्याच सोसायटीकडे 8 लाखांचा राखीव निधी आहे आणि तोटा नाही, असं धरू. भांडवल आणि निधी मिळून 28 लाख होतात. म्हणजे 100 रुपयांच्या शेअरमागे 140 रुपये. तरी हातात 100च पडतात. आता याच सोसायटीवर 18 लाखांचा संचित तोटा असेल, तर 28 मधून 18 वजा जाऊन 10 लाख उरतात. सोप्या हिशेबाने 100 रुपयांच्या शेअरचे 50 झाले. 5 हजार भरलेल्याला अडीच हजार मिळतील. तोट्यात वाटा आहे, वाढीत नाही! अनेकांना हे अन्यायाचं वाटतं, आणि वरवर पाहता तसं दिसतंही.

वरचे 40 रुपये कुणाचे?

संस्थेचे. निव्वळ नफ्यातला किमान एक चतुर्थांश भाग दरवर्षी राखीव निधीत टाकणं बंधनकारक आहे. (निबंधक हे प्रमाण कमी करू शकतात, पण एक दशांशाच्या खाली नाही.) ही चौथ्या हिश्शाची अट नवी नाही, 1912 च्या सहकारी कायद्यातही ती होती. 4 लाख नफा झाला तर 1 लाख आधी निधीत जातो, आणि लाभांश उरलेल्यातून. त्यावरही 15 टक्क्यांची कमाल मर्यादा आहे.

संस्था गुंडाळली तरी देणी आणि भांडवल फेडून उरलेली रक्कम सभासद वाटून घेऊ शकत नाहीत. ही अट नसती, तर भरलेला निधी पाहून उरलेले मोजके सभासद संस्था बंद करून पैसे वाटून घेऊ शकले असते. वाढ सभासदाला न देण्याचं कारण हेच.

एक गैरसमज मात्र नेहमी दिसतो. राखीव निधी म्हणजे तिजोरीतली रोकड, असं आमसभेत अनेकदा धरलं जातं. कायद्याने हा निधी नियमांच्या अधीन राहून धंद्यात वापरता येतो, त्यामुळे तो कर्जवाटपातही गेलेला असू शकतो. थकबाकी वाढली तर निधी ताळेबंदात दिसतो, पण पैसा नसतो. म्हणून ताळेबंदाच्या एका बाजूला राखीव निधीचा आकडा पाहिला, की दुसऱ्या बाजूला गुंतवणूक, थकीत कर्ज आणि संचित तोटा हे तीन आकडे पाहावेत.

नागरी सहकारी बँकांचं गणित वेगळं आहे. 2020 च्या कायदा दुरुस्तीनंतर त्यांच्या शेअर परतफेडीवर रिझर्व्ह बँकेचं नियंत्रण आलं. मार्च 2022 च्या परिपत्रकानुसार बँकेचं भांडवल पर्याप्तता प्रमाण किमान 9 टक्के असेल, आणि परतफेडीनंतरही त्याखाली जाणार नसेल, तरच शेअरचे पैसे देता येतात. गावच्या सेवा सोसायटीला ही अट लागू नाही.

शेअर परत घेतला म्हणजे संबंध लगेच संपला, असंही नाही. सभासदत्व संपलं त्या दिवशी संस्थेवर जी देणी होती, त्यांची जबाबदारी माजी सभासदावर पुढची 2 वर्षं राहते.