मुळांवरील गाठी आणि कागदावरील फेरपालट

भर दुपारी माना टाकणारी आणि सांजेला पुन्हा ताठ होणारी टोमॅटोची झाडे वावराच्या एखाद्या कोपऱ्यात दिसू लागली म्हणजे आमचा बागाईतदार बहुधा पाण्याची पाळी वाढवतो, आणि त्यानेही काही साधले नाही तर युरियाची एक मूठ वाढवतो. झाडे पिवळी पडतात, खुरटतात, फळे बारीक राहतात, आणि अखेरीस कोणीतरी वैतागून एक झाड हिसक्याने उपटतो. येथेच पहिली चूक घडते. उपटलेल्या झाडाबरोबर जाड मुळे तेवढी हाती येतात, आणि ज्या बारीक मुळांवर सारा पुरावा असतो ती तुटून मातीतच राहतात. झाड खुरप्याने किंवा कुदळीने भोवतालच्या मातीसकट उकरून, बादलीभर पाण्यात हलक्या हाताने धुऊन पाहावे, म्हणजे मणी ओवल्यासारखी गाठाळलेली मुळे दृष्टीस पडतात. घेवडा, चवळी किंवा वाटाणा असेल तर एवढ्यावरच निर्णय देऊ नये. द्विदलांच्या मुळांवर नत्र स्थिर करणाऱ्या जिवाणूंच्याही गाठी असतात, परंतु त्या मुळाच्या कडेला चिकटलेल्या असतात, बोटाने चोळल्यास सुटतात, आणि कार्यक्षम असताना कापल्यास आतून गुलाबी दिसतात. सूत्रकृमीची गाठ म्हणजे मूळच सुजलेले असते. ती सोडवू गेल्यास मूळ तुटते, गाठ सुटत नाही.

हा रोग नवा नाही. इंग्लंडमधील काचगृहात वाढवलेल्या काकडीच्या मुळांवरील अशा गाठींची नोंद बर्कले यांनी 1855 साली केली, आणि आपल्या देशात बार्बर यांनी 1901 साली दक्षिणेतील चहाच्या मळ्यात हा कृमी दाखवून दिला. पुढे जवळजवळ अर्धशतक या सर्व गाठींचा कर्ता एकच कृमी आहे असे मानले जात होते. 1949 साली चिटवुड यांनी त्यातून इन्कॉग्निटा, जाव्हानिका, अरेनारिया आणि हॅप्ला अशा निरनिराळ्या जाती विभागून दाखवल्या. फेरपालटीचा सारा विचार याच विभागणीवर उभा आहे, कारण एका जातीला जे पीक उपाशी ठेवते ते दुसरीला पोटभर वाढते. आपल्याकडील भाजीपाल्यात प्रामुख्याने इन्कॉग्निटा आणि जाव्हानिका आढळतात.

या प्राण्याचा आयुष्यक्रम नीट समजून घेतल्यावाचून त्याचा बंदोबस्त करता येत नाही. अंड्यातच एकदा कात टाकून बाहेर पडणारे पिलू साधारण अर्ध्या मिलिमीटरहून थोडे कमी लांब असते. नुसत्या डोळ्यांनी ते दिसत नाही, आणि मुळाचा ठाव लागेपर्यंत त्याला आपल्या शरीरातील चरबीच्या साठ्यावरच गुजराण करावी लागते. मुळाच्या टोकामागील वाढत्या भागातून ते आत शिरते, पेशींच्या मधून वाट काढीत प्रथम टोकाकडे उतरते, तेथे वळून मुळाच्या मध्यवर्ती रसवाहिनीच्या प्रदेशात वर चढते, आणि तेथे कायमचा मुक्काम ठोकते. आपल्या सुईसारख्या मुखशस्त्राने ते भोवतालच्या पाच-सात पेशींमध्ये लाळेतील द्रव्ये सोडते. या द्रव्यांचा परिणाम असा की पेशींची केंद्रके पुनःपुन्हा विभागतात, परंतु पेशी मात्र विभागत नाहीत, आणि परिणामी अनेक केंद्रके असलेल्या अवाढव्य पेशी निर्माण होतात. झाडाने तयार केलेले अन्न यापुढे प्रथम या पेशींत येते आणि तेथून कृमीच्या मुखात जाते. भोवतालच्या पेशीही फुगतात व वाढतात. हीच ती गाठ. रसवाहिनी मध्येच अशी वेडीवाकडी झाल्यावर जमिनीत पाणी भरपूर असूनही दुपारच्या उन्हात ते वर पोहोचत नाही, हे ओघानेच आले.

एकदा खाऊ लागलेली मादी पुन्हा जागची हलत नाही. तीन वेळा कात टाकून ती फुगत जाते आणि नासपतीच्या आकाराची होते, आणि मागील टोकाकडून एक चिकट द्रव सोडून त्यात तीन-चारशे, कधी त्याहूनही अधिक, अंडी घालते. इन्कॉग्निटा व जाव्हानिका या जातींत त्यासाठी नराची आवश्यकता नसते. अन्नाची टंचाई वा दाटी झाली तर मात्र अधिक पिले नर होतात आणि मूळ सोडून निघून जातात. जमिनीचे उष्णतामान सत्तावीस अंशांच्या आसपास असेल तर हे सारे चक्र चार आठवड्यांत पुरे होते, म्हणजे चार-पाच महिने वावरात उभ्या राहणाऱ्या टोमॅटोवर त्याच्या चार पिढ्या सहज नांदतात. लागवडीच्या वेळी जी संख्या उपेक्षणीय वाटली, तीच काढणीच्या सुमारास पुढच्या पिकाचा फडशा पाडण्यास पुरेशी होते. म्हणून या कृमीचे नुकसान ज्या पिकात दिसते त्याचा जमाखर्च त्या पिकाच्या नावे मांडणे चुकीचे आहे. तो बेवडाच्या नावे मांडला पाहिजे.

आता आमच्या बागाईतदारांची फेरपालट कशी असते ते पाहा. टोमॅटोनंतर वांगे, वांग्यानंतर भेंडी, भेंडीनंतर काकडी किंवा दुधी, आणि पुन्हा टोमॅटो. कागदावर पाहिले तर दोन वर्षांत एकही पीक लागोपाठ दोनदा आलेले नाही. कृमीच्या दृष्टीने मात्र पान तेवढे बदलले, पंगत तीच राहिली, कारण ही चारही पिके त्याची आवडती यजमाने आहेत. माझे स्पष्ट मत असे की अशा क्रमाला फेरपालट म्हणणे सोडून द्यावे. नदीकाठच्या हलक्या पोयट्याच्या जमिनीत, जेथे या कृमीला हालचालीस मोकळीक मिळते, तेथे तर हा क्रम म्हणजे त्याचे पद्धतशीर संगोपन आहे. भारी काळ्या जमिनीत त्याचा उपद्रव तुलनेने कमी असतो, आणि त्यामुळेच ज्याचे निम्मे वावर काळे आणि निम्मे हलके आहे अशा शेतकऱ्याला एकाच वाणाची एक बाजू हिरवी आणि दुसरी पिवळी का, याचे कोडे पडते.

रसायनांची वाट येथे तपशिलाने सांगत नाही. एकेकाळी नेमागॉन या नावाने विकले जाणारे द्रव्य या कृमीवर रामबाण मानले जाई. 1977 साली अमेरिकेत ते तयार करणाऱ्या कामगारांमध्ये वंध्यत्व आढळून आले आणि लवकरच तेथे त्याच्या वापरावर कठोर निर्बंध आले. एवढे सांगितले म्हणजे केवळ बाटलीवर भिस्त ठेवणाऱ्यांना काही बोध व्हावा.

एक एकर हलक्या जमिनीत टोमॅटो बुडाला आहे असे धरून त्यापुढील दोन वर्षांचा क्रम मांडून पाहू. पीक निघताच मुळ्या उकरून बाहेर काढून वाळवून जाळाव्यात, कारण मातीत राहिलेल्या प्रत्येक गाठीत अंड्यांचा साठा शाबूत असतो. मुळ्या बांधावर टाकणे म्हणजे पहिल्या पावसाबरोबर त्यांना परत बोलावणे होय. एप्रिल-मे महिन्यांत दहा-पंधरा दिवसांच्या अंतराने दोन-तीन वेळा खोल नांगरट करावी, म्हणजे उन्हाने व शुष्कतेने वरच्या थरातील पिले आणि अंडी मोठ्या प्रमाणावर मरतात. मृगाच्या सरीवर ताग दाट पेरून सुमारे पन्नास दिवसांनी फुलोऱ्याच्या आत गाडावा. तागाच्या मुळांत या कृमीची वंशवृद्धी होत नाही, आणि जमिनीला सेंद्रिय भर मिळते ती वेगळीच. त्यापुढे रब्बीत लसूण किंवा गहू घ्यावा. गव्हावर हा कृमी अगदीच येत नाही असे नव्हे, परंतु मातीचे उष्णतामान अठरा अंशांखाली गेल्यावर मुळात शिरण्याची त्याची शक्ती फार मंदावते, आणि आपल्या थंडीच्या दिवसांत पेरलेला गहू त्या सवलतीचा लाभ घेतो.

दुसऱ्या पावसाळ्यात झेंडू. झेंडूविषयी आपल्याकडे जो समज आहे त्याची दुरुस्ती करणे भाग आहे. टोमॅटोच्या सरीआड किंवा बांधाच्या कडेने चार ओळी लावून आपण सूत्रकृमीला शह दिला अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः त्याचा परिणाम प्रामुख्याने जिवंत मुळांच्या लगत होतो. पिले त्या मुळांत शिरतात, परंतु त्यांची वाढ होत नाही, आणि मुळांतील अल्फा-टर्थायनिल नावाचे द्रव्य त्यांना विषारी ठरते. तेव्हा ज्या मातीत झेंडूचे मूळ पोहोचलेच नाही तेथील कृमी सुखरूप राहतो. सबंध वावर दाट झेंडूने भरून दोन-अडीच महिने उभे ठेवले तरच त्याचा हिशेब लागतो. फ्रेंच झेंडू या कामी अधिक भरवशाचा असून मोठ्या फुलांच्या आफ्रिकन प्रकारात वाणागणिक फरक पडतो. दसरा-दिवाळीच्या बाजारासाठी हीच लागवड आपल्याकडे होत असते, म्हणून हे पीक घाट्याचे पडत नाही. मात्र फुलांसाठी ठेवलेल्या रुंद अंतरात घोळ, काटेमाठ आणि कामोणी ही तणे माजू दिली तर सारे मुसळ केरात जाते, कारण कृमी तीच खाऊन पुढचे साल काढतो. फेरपालट बुडण्याचे सर्वांत सामान्य कारण तणे हेच आहे. तिसऱ्या वर्षी टोमॅटो घ्यायचा असल्यास पुसा-120 किंवा हिसार ललित यांसारखा प्रतिकारक वाण घ्यावा. रानटी टोमॅटोमधून 1940च्या दशकात आणलेल्या ‘एमआय’ या गुणसूत्रीय घटकावर कित्येक प्रतिकारक टोमॅटोंची मदार आहे, परंतु मातीचे उष्णतामान अठ्ठावीस अंशांच्या वर गेले की तो घटक ढिला पडतो. त्यामुळे उन्हाळी लागवडीत त्यावर एकट्यावर विसंबू नये. रोपे बाहेरची घेणार असाल तर त्यांच्या मुळ्या धुऊन पाहा. रोपवाटिकेतूनच हा कृमी गावोगाव पोहोचतो. स्वतःच्या गादीवाफ्यात रोपे करायची असल्यास तो वाफा भिजवून, पारदर्शक पातळ प्लास्टिकने हवाबंद झाकून, उन्हाळ्यात चार ते सहा आठवडे तापवावा.

फेरपालटीने कृमीचे समूळ उच्चाटन होत नाही, त्याची आणेवारी खाली येते, आणि ती किती आली हे लागवडीआधीच तपासता येते. वावरातील पंधरा-वीस ठिकाणची, वीतभर खोलीपर्यंतची ओलसर माती गोळा करून सावलीत मिसळावी, उन्हात अजिबात ठेवू नये, कारण वाळलेली माती खोटी साक्ष देते. ती चार-पाच कुंड्यांत भरून प्रत्येकीत साध्या, अप्रतिकारक काकडीचे बी लावावे आणि पाच आठवड्यांनी रोपे उकरून मुळे धुवावीत. गाठी नसल्यास शून्य आणि सर्व मुळे गाठाळल्यास पाच, असा गुणांक प्रत्येक कुंडीला देऊन सरासरी काढावी. ती एकाच्या आसपास आली तर टोमॅटो घ्यावा. दोनच्या वर आली तर पुढच्या पावसाळ्यात पुन्हा ताग पेरावा, आणि ही नोंद त्या वावराच्या नावावर वहीत, तारखेसह, ठेवावी.