दुसरी तपासणी होईपर्यंत

‘छाती वर-खाली होतीय, अंग गरम लागतंय, मग माणूस गेला असं कसं म्हणता?’ अवयवदानाचा विषय निघाला की पहिला प्रश्न हाच येतो, आणि तो अगदी रास्त आहे. याचं नीट उत्तर मिळाल्याशिवाय कुणीही कागदावर सही करू नये.

सोलापूर-धुळे महामार्गावर गेवराईजवळ दुचाकीला अपघात झाला आणि डोक्याला जबर मार लागलेल्या तरुणाला छत्रपती संभाजीनगरला हलवलं, असं समजा. मेंदूला सूज येते, कवटीत दाब वाढतो आणि मेंदूचा रक्तपुरवठा थांबतो. श्वास चालवणारं केंद्र मेंदूच्या बुडाशी, मेंदूस्तंभात असतं. तेही मरतं. हृदयाला मात्र ठोके देण्यासाठी मेंदूचा हुकूम लागत नाही. प्राणवायू मिळतो तोवर ते चालतं. व्हेंटिलेटर हवा आत ढकलतो, म्हणून छाती हलते. कोमातल्या माणसाचा मेंदूस्तंभ जिवंत असतो, त्यामुळे तो शुद्धीवर येऊ शकतो. मेंदूमृत माणूस परत येत नाही.

हे ठरवायचं काम कायद्याने चार डॉक्टरांवर सोपवलं आहे. त्यात रुग्णालयाचे प्रमुख, उपचार करणारे डॉक्टर आणि आणखी दोन तज्ज्ञ असतात. अवयव काढणारे किंवा बसवणारे डॉक्टर या समितीत बसूच शकत नाहीत. ‘अवयवांसाठी उपचार सोडून देतील’ या भीतीला कायद्याचं उत्तर हे आहे.

तपासणीत डोळ्यांवर उजेड टाकून बाहुली आकसते का पाहतात, बुबुळाला कापसाचं टोक लावतात, कानात बर्फाचं पाणी सोडतात, घशात नळी हलवून ठसका येतो का पाहतात. शेवटी श्वासाची परीक्षा. आधी भरपूर प्राणवायू देऊन व्हेंटिलेटर बाजूला करतात, नळीतून प्राणवायू चालू ठेवतात आणि आठ-दहा मिनिटं छातीवर नजर ठेवतात. रक्तातला कार्बन डायऑक्साइड इतका वाढू देतात की जिवंत मेंदू श्वास घेतल्याशिवाय राहणार नाही. एक जरी श्वास आला, तरी तो माणूस मेंदूमृत नाही. मग किमान सहा तासांनी या सगळ्या तपासण्या पुन्हा करतात.

आपल्या बीड जिल्ह्यासाठी एक गोष्ट मुद्दाम सांगतो. मण्यार चावलेला किंवा फवारणीचं औषध पोटात गेलेला माणूस कधीकधी हुबेहूब मेंदूमृतासारखा दिसतो. बाहुली हलत नाही, श्वास नाही, आणि उपचारांनी तोच बरा होऊन घरी जातो. म्हणून कारण पक्कं कळल्याशिवाय आणि गुंगीच्या औषधांचा अंमल उतरल्याशिवाय या तपासण्या करायच्याच नसतात. असं काही घडलं असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. दोन्ही तपासण्यांत काय आढळलं, हेही बेलाशक विचारा.

त्यानंतरच अवयवदानाचा विषय निघतो. आई-वडील, पती-पत्नी, सज्ञान मुलं, भावंडं यांच्यापैकी जवळच्या माणसाची लेखी संमती लागते. ‘नाही’ म्हटलं तर कुणी जाब विचारत नाही. संमती दिल्यावर अवयव टिकवण्याचा आणि काढण्याचा खर्च घरच्यांकडून घ्यायचा नसतो. आधीच्या उपचारांचं बिल मात्र राहतं. अवयवांच्या बदल्यात पैसे देणं-घेणं हा गुन्हा आहे.

देहाची विटंबना होईल, ही भीती मोठी असते. अपघाती मृत्यूत शवविच्छेदन तसंही टळत नाही. अवयव शस्त्रक्रियागृहात काढतात, टाके घालतात आणि देह अंत्यविधीसाठी परत देतात. वेळ मात्र लागतो, एखादा दिवसही जातो. लवकर दफन किंवा दहन करायचं असेल, तर हे आधी समजून घेऊनच होकार द्यावा. मराठवाड्यातलं असं पहिलं अवयवदान जानेवारी २०१६ मध्ये छत्रपती संभाजीनगरलाच झालं आणि हृदय मुंबईला गेलं. हृदय बाहेर जेमतेम चार-सहा तास टिकतं.

घरीच, हृदय थांबून मृत्यू आला तर मूत्रपिंड, यकृत देता येत नाही, पण डोळे देता येतात. वय, चष्मा, मोतीबिंदूचं ऑपरेशन, मधुमेह यांची आडकाठी नाही. पंखा बंद करा, पापण्या मिटून त्यावर ओला कापूस ठेवा, डोक्याखाली उशी द्या आणि लगेच नेत्रपेढीला फोन करा. सहा तासांच्या आत पथक घरी पोचायला हवं. आष्टी किंवा पाटोद्याच्या वस्तीवर हे अंतर मोठं असतं, म्हणून जवळच्या नेत्रपेढीचा नंबर आजच लिहून ठेवा.

अवयवदानाचं इच्छापत्र notto.abdm.gov.in वर भरता येतं, माहिती १८०० ११ ४७७० या क्रमांकावर मिळते. पण दात्याचं कार्ड खिशात असलं तरी शेवटी विचारतात ते घरच्यांनाच. तेव्हा आपली इच्छा, होकार असो वा नकार, घरात सगळ्यांसमोर सांगून ठेवा.