सलीमने दुकान काय केले?

आमच्या वैरागमध्ये उर्दू शाळेतून मराठी माध्यमात गेलेली एक मुलगी आठवीच्या वर्गात म्हणाली, "सर, दुकान बंद होती." वर्ग हसला. त्यानंतर ती मराठीच्या तासाला हात वर करेनाशी झाली. तिच्या अम्मीने मला एवढेच सांगितले, "आपा, घरी पटपट बोलते, शाळेत तोंडाला कुलूप."

सुट्टीत अशा एकोणीस मुलांचा ऑनलाइन वर्ग घ्यायचे ठरले. वेळ सकाळी अकराची, कारण तोवर बहुतेक घरांत एक तरी मोबाइल मोकळा होतो. झूमच्या मोफत खात्यावर चाळीस मिनिटांनी सभा बंद पडते. एका परीने ते बरेच झाले, कारण एका वेळी एकाच नियमावर थांबावे लागले.

पहिल्या दिवशी मी वहीचे पान कॅमेऱ्यासमोर धरले, ते कुणालाच वाचता येईना. दुसऱ्या दिवशी स्क्रीन शेअर करून पूर्ण धडा दाखवला, तर मोबाइलवर तो मुंग्यांसारखा दिसला. (मध्येच माझ्या नणंदेचा लग्नाच्या साड्यांबद्दलचा निरोप सगळ्या वर्गाने वाचला. तेव्हापासून स्क्रीन शेअर करण्याआधी मी व्हॉट्सअॅप बंद करते.) मग एका वेळी एकच वाक्य, मोठ्या अक्षरात, क्रियापदाची जागा रिकामी, एवढेच पडद्यावर ठेवू लागले.

वाक्य होते, "मी पुस्तक ____." खाली तीन पर्याय: अ) वाचलो, ब) वाचली, क) वाचले. मतदानाचे बटण आमच्या खात्यात नव्हते, म्हणून मुलांनी चॅटमध्ये फक्त एक अक्षर टाकायचे. पहिल्याने 'ब' टाकले आणि पाठोपाठ 'ब'ची रांगच लागली. ते मतदान नव्हते, नक्कल होती. उत्तर फक्त मला दिसेल अशी सेटिंग केली तेव्हा खरी मते यायला लागली.

'वाचलो' पाहून मुलांना हसू आले, कारण 'मी वाचलो' म्हणजे जीव वाचला! पण संध्याकाळी मते पुन्हा पाहिली, तेव्हा माझीच चूक माझ्या लक्षात आली. 'वाचली' म्हणणारी मुलगी का चुकली? 'किताब' स्त्रीलिंगी म्हणून, की बोलणारी स्वतः मुलगी म्हणून? दोन्ही वाटा एकाच उत्तराला येतात. त्याहून वाईट म्हणजे 'वाचले' हे बरोबर उत्तरही चुकीच्या वाटेने येऊ शकते. मुलगी 'मी आले, मी गेले' म्हणते, त्याच चालीवर 'मी वाचले' म्हणून मोकळी होईल आणि मी तिला शाबासकी देईन.

म्हणून दुसऱ्या दिवशी वाक्य बदलले: "सलीमने दुकान ____." पर्याय: अ) उघडला, ब) उघडली, क) उघडले. आता प्रत्येक पर्यायामागे एकच वाट आहे. आपल्या घरी दखनी बोलतात, 'सलीम दुकान खोला'. तिथे क्रियापद सलीमकडे पाहते, म्हणून दखनीच्या सवयीचे मूल 'उघडला' म्हणणार. शाळेतल्या उर्दूत 'सलीम ने दुकान खोली' असते. तिथे क्रियापद दुकानाकडे पाहते आणि उर्दूत दुकान स्त्रीलिंगी आहे. त्यामुळे 'उघडली' म्हणणाऱ्या मुलाने नियम बरोबर लावलेला असतो, फक्त शब्दाचे लिंग उर्दूचे धरलेले असते. मराठीत दुकान नपुंसकलिंगी, म्हणून 'उघडले'.

दोघांचे फोन अडकले. सतरा मते आली: उघडला तीन, उघडली आठ, उघडले सहा. बरोबर उत्तर मी लगेच सांगितले नाही. हार्वर्ड विद्यापीठात एरिक माझूर नावाचे भौतिकशास्त्राचे प्राध्यापक 1990 नंतरच्या दशकात ही पद्धत वापरू लागले आणि 1997 साली त्यांनी तिच्यावर पुस्तक लिहिले. प्रश्न विचारायचा, मते घ्यायची, शेजाऱ्याशी चर्चा करू द्यायची आणि पुन्हा मते घ्यायची. बरोबर मते साधारण तीस ते सत्तर टक्क्यांच्या दरम्यान असतील तर चर्चेचा उपयोग होतो, असा त्यांचा अंदाज आहे. त्याहून कमी असतील तर आधी नीट शिकवावे, जास्त असतील तर पुढे जावे. आमची सहा मते म्हणजे पस्तीस टक्के, तेव्हा जोड्या करायला हरकत नव्हती.

झूममध्ये मुलांना दोन-दोनच्या वेगळ्या खोल्यांत पाठवता येते. पहिल्यांदा "चर्चा करा" म्हणून पाठवले तर निम्म्या खोल्यांत नुसती शांतता होती. मी एका वेळी एकाच खोलीत जाऊ शकते, बाकीकडे काय चालले ते कळत नाही. म्हणून या वेळी काम नेमून दिले. एकाने शब्द द्यायचा, दुसऱ्याने त्याच्यापुढे 'हा, ही, हे' लावून पाहायचे आणि मग 'सलीमने' पासून पूर्ण वाक्य मोठ्याने म्हणायचे. तीन मिनिटांनी अदलाबदल. शब्द मी मुद्दाम निवडले होते: चहा, घर, वजन, कागद. चाय उर्दूत स्त्रीलिंगी, मराठीत 'हा चहा', म्हणून 'सलीमने चहा केला'. वजन उर्दूत पुल्लिंगी, मराठीत 'हे वजन', म्हणून 'सलीमने वजन केले'. कागद दोन्हीकडे पुल्लिंगी, 'सलीमने कागद फाडला'. तो शब्द असा घातला, की सगळेच उलटे असते असा समज होऊ नये. एकाच मोबाइलवर बसलेल्या दोन भावंडांना खोलीची गरजच नव्हती, त्यांची जोडी घरातच होती.

परत आल्यावर तेच मतदान घेतले. सतरापैकी चौदा 'उघडले'. उरलेले तिघेही 'उघडली' म्हणणारे होते. म्हणजे नियम त्यांना येत होता, शब्द पाठ करायचे राहिले होते. त्यांना मी नियम पुन्हा समजावला नाही, घरातल्या दहा वस्तूंपुढे 'हा, ही, हे' लावून आणायला सांगितले.

मतदानातून ओळख कळते, बोलणे कळत नाही. त्या मुलीने दुसऱ्या वेळी 'क' दिला होता, पण तेवढ्याने माझे समाधान होईना. म्हणून शेवटची पाच मिनिटे प्रत्येक जोडीने एक नवे वाक्य माइक उघडून सांगायचे होते, आणि शब्द खोलीत न वापरलेला हवा होता. तिथेच एक मुलगा अडकला: "सलीमने रेश्माला बोलावली." रेश्मा तर मुलगीच, मग चुकले कुठे? कर्माला 'ला' लागला की क्रियापद कुणाकडेच पाहत नाही, 'बोलावले' असेच राहते. उर्दूतही 'रेशमा को बुलाया'च म्हणतात. हे त्याला त्याच्या जोडीदारानेच सांगितले, मला बोलावे लागले नाही. 'तो चहा प्याला', 'ती नाव विसरली' यांसारखी क्रियापदे या नियमात बसत नाहीत. तिथे 'ने' लागत नाही आणि क्रियापद कर्त्याकडेच पाहते. ती मी पुढच्या आठवड्यासाठी ठेवली, नाहीतर आजचेही सुटले असते.

त्या मुलीची पाळी शेवटची. चाळिसाव्या मिनिटाला थोडाच वेळ होता. माइक उघडला, मागे कुकरची शिट्टी झाली, मग तिचा आवाज आला, "सलीमने दुकान बंद केले." थोडे थांबून ती म्हणाली, "आपा, आणि दुकान बंद होते." कुणी काही बोलायच्या आत सभा तुटली.